होम लोन संपल्यावर स्टेटमेंट आणि नो ड्यूज सर्टिफिकेट तपासताना - माझा अनुभव

डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटचं लोन २०१० चं, माझ्या आणि नवऱ्याच्या जॉइंट नावावर, एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून घेतलेलं. २०२५ मध्ये शेवटचा हप्ता कापला गेला, आणि मी कंपनीकडे सगळ्यात आधी पहिल्या दिवसापासूनचं पूर्ण स्टेटमेंट मागितलं, सर्टिफिकेट नंतर. कारण सर्टिफिकेट म्हणजे फक्त त्यांचं म्हणणं, ते कशाच्या जोरावर म्हणतायत ते स्टेटमेंटमध्येच दिसतं. ब्रँचमधल्या मॅडम म्हणाल्या "क्लोजर स्टेटमेंट आहे ना एक पानी, ते घेऊन जा", पण मी म्हटलं नाही, मला सगळं हवं, मग त्यांनी मेलवर पाठवलं.

आता शेवटच्या महिन्याचं बघा. आमचा ईएमआय २३,६५० चा. पण शेवटच्या हप्त्याआधी मुद्दल उरलेलं फक्त १७,८४२. व्याजदर ८.७५ टक्के, म्हणजे महिन्याचं व्याज काढायला १७,८४२ गुणिले ८.७५ भागिले १२०० केलं की साधारण १३० रुपये येतात. म्हणजे द्यायचे होते १७,९७२ आणि खात्यातून नॅचने, म्हणजे ऑटो-डेबिटने, पूर्ण २३,६५० गेले. फ्लोटिंग रेट असला की मधे मधे दर बदलतो, त्यामुळे शेवटचा हप्ता पूर्ण ईएमआयएवढा क्वचितच निघतो, आमचा कमी होता पण मँडेटमधून, म्हणजे हप्ता कापायला बँकेला दिलेल्या परवानगीतून, नेहमीची रक्कम ओढली गेली. ५,६७८ रुपये जास्तीचे गेले, ते परत यायला हवेत, एवढं सरळ गणित होतं.

काही दिवसांनी खात्यात आले ४,४९८.

फरक १,१८० चा. एक पानी क्लोजर स्टेटमेंटमध्ये याचा मागमूस नव्हता, तिथे मुद्दल शून्य, व्याज शून्य, छान. पूर्ण स्टेटमेंटमध्ये मुद्दल-व्याजाच्या रकान्यांच्या पलीकडे "अदर चार्जेस" म्हणून वेगळा रकाना असतो, तो कुणी बघत नाही, तिथे २०२१ मधल्या एकाच महिन्यात ५९० आणि परत ५९० दिसले. ५०० बाउन्स चार्ज अधिक १८ टक्के जीएसटी ९०, असे ५९०, दोनदा. हे पैसे कधी मागितलेच नव्हते, चार वर्षं तसेच उभे होते आणि शेवटी जास्तीच्या पैशातून गुपचूप वळते करून घेतले.

२०२१ मध्ये काय झालं होतं ते मला नीट आठवत होतं. नवऱ्याचं सॅलरी अकाउंट बदललं, नवीन बँकेचं मँडेट आम्ही भरून दिलं, ते रजिस्टर झाल्याचा मेसेजही आला, आणि त्यानंतरही कंपनीने हप्ता जुन्याच खात्यावर टाकला, एकदा आणि मग पुन्हा एकदा. जुन्या खात्यात पैसे नव्हते, असणार कसे. तो हप्ता आम्ही त्याच आठवड्यात ऑनलाइन भरला होता आणि विषय संपला असं आम्हाला वाटलं.

मी तीन गोष्टी जोडून मेल टाकला, मँडेट रजिस्टर झाल्याचा मेसेज तारखेसकट, जुन्या खात्याचं त्या महिन्याचं स्टेटमेंट ज्यात दोन्ही रिटर्न दिसतात, आणि आमचं ५,६७८ चं गणित. फोनवर आधी "सिस्टीमने लावलेला चार्ज आहे मॅम, निघत नाही" असं ऐकायला मिळालं. मग मी लेखी उत्तर मागितलं की नवीन मँडेट लागू झाल्यावर जुन्या खात्यावर हप्ता का टाकला, आणि तक्रार नंबर घेतला. त्यानंतर १,१८० जमा झाले. रक्कम मोठी नाही, मला माहितीय, पण जास्तीचे पैसे गेले नसते तर हेच १,१८० "थकबाकी" म्हणून राहिले असते आणि त्यावरून सर्टिफिकेट किंवा क्रेडिट रिपोर्ट अडकला असता, म्हणून मी सोडलं नाही.

मग सर्टिफिकेट आलं. लेटरहेड, शिक्का सगळं व्यवस्थित, पण वाचायला लागल्यावर दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे नाव फक्त नवऱ्याचं, मी को-अ‍ॅप्लिकंट असून माझा उल्लेख नाही. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट दोघांच्या नावावर, लोन दोघांच्या नावावर, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर घेणाऱ्याची बँक हाच कागद मागणार आणि दुसऱ्या नावाचं काय म्हणून विचारणार. दुसरं, शेवटच्या ओळीत "सब्जेक्ट टू रिअलायझेशन" होतं, म्हणजे शेवटचा हप्ता वटला तर. हप्ता कापल्या कापल्या कागद काढला की ही ओळ येते, त्यांच्या बाजूने ते ठीकच आहे, पण पैसे जमा होऊन कितीतरी दिवस झाले होते, मग ती अट कशाला? मी नवीन तारखेचं, बिनअटीचं, दोघांच्या नावाचं, लोन अकाउंट नंबर आणि फ्लॅटचा पूर्ण पत्ता असलेलं आणि प्रॉपर्टीवर कंपनीचा आता कुठलाही हक्क-बोजा नाही असं स्पष्ट लिहिलेलं सर्टिफिकेट मागून घेतलं. मॅडमनी ते करून दिलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मूळ कागदांसाठी लोन घेताना मिळालेली डॉक्युमेंटची यादी काढली आणि त्यांच्या टेबलावर एकेक कागद त्या यादीशी लावून घेतला. मूळ अ‍ॅग्रीमेंट, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. रजिस्ट्रेशनची छोटी पावती अ‍ॅग्रीमेंटच्या मागे स्टेपल केलेली होती आणि त्यांच्या यादीत ती वेगळी लिहिलेलीच नव्हती, आमच्याकडची यादी नसती तर ती आहे की नाही हे कुणी बघितलंही नसतं. सगळं मिळाल्यावरच पोच सही केली.

इथे रिझर्व्ह बँकेचा नियम कामी येतो. १ डिसेंबर २०२३ पासून, लोन पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि रजिस्ट्रीमधला बोजाही काढायचा, आणि उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आमचे कागद मुदतीत मिळाले. पण सेरसाईवरचा, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय रजिस्ट्रीवरचा, बोजा कागद हातात आले म्हणून आपोआप निघाला असेल असं धरून चालू नका, मी मेलवर त्याची नोंद काढल्याचा पुरावा मागितला आणि तो आला.

सोसायटीच्या रजिस्टरमध्येही आमच्या फ्लॅटसमोर कंपनीचं नाव होतं, त्यांचंच जुनं पत्र बघून घातलेलं. सेक्रेटरी काकांना सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, त्यांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवून ती नोंद रद्द केली. आणि नंतर दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढले, दोन्हीत अकाउंट "क्लोज्ड" आणि ओव्हरड्यू शून्य दिसतंय. तिथे "सेटल्ड" दिसलं तर मात्र लगेच भांडा, कारण सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे न घेता तडजोड केली असा अर्थ होतो आणि पुढच्या लोनच्या वेळी तेच आडवं येतं.