आमची वाटचाल : लाईट आल्यावरचं पहिलं मिनिट आणि क्लाउड क्रेडिटचा अर्ज

रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या केळीच्या बागांमध्ये, विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या स्टार्टर पेटीत बसणारं कंट्रोलर आम्ही तयार करतो. तीन फेजचा दाब, मोटारीचा करंट आणि ठिबकच्या वेळापत्रकाची स्थिती ते सिमकार्डवरून आमच्या सर्व्हरला कळवतं. शेतकरी मोबाईलवरून मोटार चालू-बंद करतो. यंदा आम्ही क्लाउड कंपनीच्या स्टार्टअप विभागाकडे क्रेडिटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या बिलातून वजा होणाऱ्या मदतीच्या रकमेसाठी, अर्ज केला. त्या पत्राचा मुख्य भाग इथे देत आहोत, कारण शेतीच्या यंत्रांचा भार सर्व्हरवर कसा पडतो हे त्यात नेमकं मांडलं आहे.

महोदय,

आमची सध्या १,२०० कंट्रोलर चालू आहेत. लाईट असताना प्रत्येक कंट्रोलर दर ५ मिनिटांनी एक संदेश पाठवतं. शेतीच्या फीडरला साधारण ८ तास वीज मिळते असं धरलं, तर दिवसाचे ९६ संदेश होतात आणि चालू-बंदच्या नोंदी मिळून सुमारे १००. म्हणजे रोज १ लाख २० हजार, महिन्याला ३६ लाख संदेश. एक संदेश ३०० बाइटचा असल्याने महिन्याची सगळी माहिती जेमतेम १ जीबी भरते. एवढं पाहिलं तर आमचं काम एका लहान सर्व्हरवर सहज चालेल असं वाटेल. आमच्या भाराची अडचण या सरासरीत दिसत नाही, म्हणून ती वेगळी सांगतो.

शेतीच्या फीडरवर वीज गटागटाने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. उपकेंद्रातून एक गट चालू झाला की त्या गटातली सगळी कंट्रोलर एकाच क्षणी जागी होतात. आमच्या सर्वांत मोठ्या गटात ७०० कंट्रोलर आहेत. सुरू होऊन मोबाईल नेटवर्क पकडायला त्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो, त्यामुळे काही उपाय केला नाही तर सुमारे २० सेकंदांत ७०० जोडण्या येतात, म्हणजे सेकंदाला ३५. प्रत्येक जोडणीला आधी सुरक्षित जोडणीची देवाणघेवाण करावी लागते, आणि सर्व्हरच्या प्रोसेसरवर खरा ताण तिचाच पडतो. मग कंट्रोलर आपली स्थिती पाठवतं आणि आजचं वेळापत्रक मागतं. उत्तर १० सेकंदांत आलं नाही तर ते पुन्हा जोडणी मागतं. सर्व्हर जरा मंदावला की जुन्या मागण्यांवर नव्या चढतात आणि पहिल्या मिनिटातच रांग दुप्पट होते.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. प्रोसेसरचा ५ मिनिटांच्या सरासरीचा आलेख शांत दिसतो, पण त्याच वेळी नव्या जोडण्यांचा आकडा कंट्रोलरच्या संख्येपेक्षा मोठा असतो. ७०० कंट्रोलरच्या गटातून १,५०० जोडण्या आल्या, तर निम्म्याहून जास्त जोडण्या नुसत्या पुनःप्रयत्नाच्या असतात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ‘मोटार चालू’ची खूण उशिरा येते आणि तो बटण पुन्हा दाबतो. म्हणून प्रत्येक आदेशाला आम्ही स्वतंत्र क्रमांक देतो, आणि खूण येण्याआधी बटण पुन्हा दाबलं तरी तोच क्रमांक जातो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर कंट्रोलर तो सोडून देतं.

इथे आपोआप सर्व्हर वाढवण्याची सोय कामी येत नाही. नवा सर्व्हर उभा राहून काम घ्यायला २ ते ३ मिनिटं लागतात, आणि तोवर लाट ओसरलेली असते. एकतर या एका मिनिटासाठी ४ सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचे, नाहीतर लाटच पसरवायची. आम्ही लाट पसरवली. कंट्रोलर सुरू झाल्यावर ० ते ३०० सेकंदांमधला एक यादृच्छिक काळ थांबतं आणि मगच जोडणी मागतं. जोडणी फसली तर थांबण्याच्या काळाची कमाल मर्यादा दर वेळी दुप्पट होते, ३०० सेकंदांपर्यंत; खाली n म्हणजे फसलेल्या प्रयत्नांची संख्या :

```
wait = random(0, 300)
retry = random(0, min(300, 2 ** n))
```

आता ७०० जोडण्या ५ मिनिटांत विखुरतात, सेकंदाला अडीचहून कमी. २ सर्व्हर पुरतात, आणि दुसरा आम्ही फक्त पहिला बंद पडला तर असावा म्हणून ठेवला आहे. याची किंमत एवढीच की लाईट आल्यावर मोबाईलवर खूण दिसायला कधी ५ मिनिटं लागतात. आम्हाला ती मान्य आहे, कारण वेळापत्रकाची प्रत कंट्रोलरमध्येच असते. एक फेज गेली किंवा विहिरीचं पाणी तुटलं तर मोटार बंद करण्याचा निर्णयही तिथेच होतो. सर्व्हर बंद असला तरी मोटार जळत नाही. हे काम क्लाउडवर टाकणं चूक आहे, असं आमचं ठाम मत आहे.

बिलातला दुसरा भाग लॉगचा होता. प्रत्येक संदेशामागे २ केबीची सविस्तर नोंद म्हणजे महिन्याला सुमारे ७ जीबी, खऱ्या माहितीच्या जवळपास सातपट. मुदत घातली नाही तर ती साठतच राहते. आता सविस्तर नोंद फक्त चुकलेल्या संदेशांचीच होते आणि १४ दिवसांनी पुसली जाते. हे दोन्ही बदल करून झाल्यावर आमचं बिल महिन्याला ३१,००० रुपये आहे, म्हणजे कंट्रोलरमागे सुमारे २६ रुपये.

वाढीचा अंदाज आम्ही महिन्याच्या टक्केवारीत दिलेला नाही, कारण आमची विक्री तशी होतच नाही. ठिबकच्या नळ्या अंथरताना कंट्रोलर बसतं, आणि खानदेशात केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते : जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळा सरता-सरता लागणारी कांदेबाग. म्हणून एप्रिल ते जून १,२०० कंट्रोलर, मृगबागेनंतर जुलै ते ऑक्टोबर २,०००, आणि कांदेबागेनंतर नोव्हेंबर ते मार्च ३,००० असं आम्ही धरलं आहे. बिल अनुक्रमे महिना ३१,००० (३ महिने), ३८,००० (४ महिने) आणि ४८,००० (५ महिने) होईल. बेरीज ४,८५,००० रुपये. ३,००० कंट्रोलर एकाच वेळी जागी होण्याची चाचणी हंगामाआधी वेगळ्या सर्व्हरवर घ्यायची आहे, तिचे ४०,०००. एकूण ५,२५,००० रुपयांच्या क्रेडिटची आमची विनंती आहे. याहून मोठा आकडा आम्ही मागत नाही. क्रेडिटला मुदत असते, आणि उरलेलं पुढच्या हंगामाच्या कामी येत नाही.

क्रेडिट संपल्यावरचा हिशोबही जोडत आहोत. शेतकऱ्याकडून वर्षाला ९०० रुपये घेतो, म्हणजे महिना ७५. त्यातून सिमकार्ड आणि दुरुस्ती भागून क्लाउडसाठी २० रुपये उरतात. आज २६ लागतात, म्हणून तूट आहे. २,००० कंट्रोलरवर खर्च १९ वर येतो आणि ३,००० वर १६ वर. आम्हाला मदत हवी आहे ती या मधल्या काळासाठी. बिलाची धोक्याची सूचना आम्ही क्रेडिट वजा होण्याआधीच्या रकमेवर लावली आहे. वजा केलेल्या रकमेवर लावली तर बिल शून्य दिसतं आणि खर्च वाढल्याचं क्रेडिट संपल्यावरच कळतं.

क्रेडिट कंपनीच्या डोमेनवरील ईमेलने उघडलेल्या बिलिंग खात्यावर जमा करावं. सर्व्हर आणि डेटाबेस मुंबई रीजनमध्ये आहेत. सोबत मोठ्या गटाचा एका आठवड्याचा, दर १० सेकंदांच्या मोजणीचा जोडण्यांचा आलेख जोडला आहे, लाट पसरवण्याआधीचा आणि नंतरचा.