रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह आलं तेव्हा (इंदूर)

गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यात टॉर्च टेस्ट झाली, म्हणजे पोटातल्या बाळाला धोका करू शकणाऱ्या रुबेलासारख्या काही संसर्गांसाठीची रक्ततपासणी. बाकी सगळं ठीक होतं, पण रुबेलाच्या ओळीत आयजीजी ९६ आणि आयजीएम १.३, म्हणजे रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेच्या जेमतेम वर. काउंटरवरचा मुलगा कागद देताना म्हणाला, "मॅडम, पॉज़िटिव है, जल्दी दिखा दो." संध्याकाळपर्यंत घरात रडारड. सासूबाईंच्या एका मैत्रिणीने तर "पहिले दिवस आहेत, काढून टाका" असा सल्लाही दिला. म्हणून आधीच सांगते: एका आयजीएमवर असा निर्णय कोणीही घेऊ नका.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टआधी मला विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, सांधेदुखी? घरात कोणाला गोवरासारखं काही? अलीकडे लस? सगळ्याला नाही म्हणाले. मग त्यांनी समजावलं. आयजीजी म्हणजे शरीराने हा विषाणू कधीतरी पाहिला आहे, आजारातून किंवा लशीतून, आणि आठवण ठेवली आहे. आयजीएम सहसा संसर्ग ताजा असताना वाढतं, पण ते खोटंही येतं. दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळे किंवा रक्तातल्या संधिवाताच्या घटकामुळे टेस्ट फसू शकते, आणि काहींच्या रक्तात जुन्या संसर्गानंतर थोडं आयजीएम बराच काळ रेंगाळतं. खरा ताजा संसर्ग मात्र पहिल्या १२ आठवड्यांत फार धोक्याचा असतो. बाळाचं हृदय, डोळे, कान यांवर परिणाम होतो. म्हणून दुर्लक्षही करायचं नाही आणि घाबरून काही उरकायचंही नाही.

पुढचं काम दोन टेस्टचं होतं: दोन-तीन आठवड्यांनी आयजीजी पुन्हा, आणि आयजीजी ॲव्हिडिटी. ॲव्हिडिटी म्हणजे अँटीबॉडीची पकड. संसर्ग नवा असतो तेव्हा ती सैल असते आणि पुढच्या काही महिन्यांत घट्ट होत जाते. पकड घट्ट निघाली तर संसर्ग साधारण तीन-चार महिन्यांपेक्षा जुना.

आणि इथेच आम्ही अडकलो. त्या कलेक्शन सेंटरच्या यादीत 'टॉर्च' होतं, ॲव्हिडिटी नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असूनही त्यांनी पुन्हा सगळं टॉर्च पॅनेलच केलं आणि पूर्ण पैसे घेतले. रिपोर्ट हातात आला तर ॲव्हिडिटीचं नावच नाही! मी विचारलं, पहिलं रक्त ठेवलंय का? कारण जुना आणि नवा नमुना एकाच वेळी, एकाच मशीनवर लावला की तुलना सगळ्यात पक्की होते. जुना नमुना त्यांनी टाकून दिला होता. दुसरी आयजीजी आली १०२. डॉक्टर म्हणाले, ९६ आणि १०२ मध्ये खरा फरक नाही, एवढं मागेपुढे होतंच. ताजा संसर्ग असता तर आकडा कित्येक पटींनी चढला असता. पण नमुने वेगवेगळ्या दिवशी लागल्यामुळे त्यांना ॲव्हिडिटी हवीच होती.

माझा जीव वर-खाली होत होता, कारण इथे वेळ वाया जाणं साधी गोष्ट नाही. दहाव्या आठवड्यात घेतलेल्या रक्तात पकड घट्ट असेल तर संसर्ग गर्भधारणेच्या आधीचा ठरतो. तीच टेस्ट विसाव्या आठवड्यात केली तर घट्ट पकडीवरूनही सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल खात्री देता येत नाही. शेवटी डॉक्टरांनी स्वतः दुसऱ्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टशी बोलून रक्त मुंबईला पाठवलं. मधले दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. रिपोर्ट आला: हाय ॲव्हिडिटी. आईला फोन लावला आणि आधी दोघी रडलो, मग बोललो.

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी लॅबला लेखी सांगा की उरलेलं सीरम गोठवून ठेवा. रक्त द्यायच्या आधी 'रुबेला आयजीजी ॲव्हिडिटी' हे पूर्ण नाव पावतीवर आहे ना ते वाचा. दुसरी आयजीजी वेगळ्या लॅबमध्ये करू नका. किट बदललं की आकड्यांची तुलना होत नाही. पकड सैल निघाली किंवा आयजीजी चढत गेली तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांकडे जायचं. तिथे गरज पडल्यास पुढे गर्भजलाची पीसीआर तपासणी होते.

आणखी एक. आपल्या वयाच्या बायकांना लहानपणी सरकारी लसीकरणात रुबेला मिळाली नव्हती. म्हणून माझ्या नणंदेची आयजीजी आम्ही लग्नानंतर लगेच केली. ती निगेटिव्ह आली. गरोदरपणात ही लस देत नाहीत, म्हणून तिने आत्ताच घेतली, आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत असं तिला सांगितलंय.