‘सीपी की एपी?’ या प्रश्नाचं उत्तर मला कसं सापडलं

सिस्टिम डिझाइनच्या पहिल्या मुलाखतीत मला कॅप प्रमेय विचारलं आणि मी एका दमात सांगून टाकलं: कन्सिस्टन्सी, अव्हेलेबिलिटी आणि पार्टिशन टॉलरन्स, तीनपैकी दोनच मिळतात. समोरच्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही स्वतः काम केलेल्या अ‍ॅपमधलं उदाहरण द्या."

उदाहरण माझ्याकडे होतं. आमची टीम कार्यक्रमांच्या तिकिटांचं अ‍ॅप सांभाळायची. सगळं लेखन पोस्टग्रेसच्या एका प्रायमरीवर व्हायचं आणि बरंचसं वाचन दोन रेप्लिकांवरून. अधूनमधून तक्रार यायची की पैसे गेले, तिकीट निघाल्याचा संदेशही आला, पण ‘माझी तिकिटं’ उघडलं तर पान रिकामं. काही जण घाबरून दुसऱ्या खुर्च्या बुक करायचे. मी हे सांगितलं आणि वर जोडलं, "कॅपमुळे आम्हाला कन्सिस्टन्सी सोडावी लागली."

"त्या वेळी डेटाबेसच्या सर्व्हरांमधलं नेटवर्क तुटलं होतं का?"

"नाही."

"मग कॅपचा इथे संबंध काय?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. तेवढ्या दिवसांत मी नवं काही पाठ केलं नाही, आमचंच अ‍ॅप छोट्या रूपात लॅपटॉपवर उभं केलं. दोन कंटेनर, एक प्रायमरी, एक रेप्लिका, आणि `bookings` नावाचं एकच टेबल. त्यात `show_id` आणि `seat_no` या जोडीवर युनिक बंधन.

आधी मूळ व्याख्या वाचल्या. एरिक ब्रूअरनी ही कल्पना 2000 साली मांडली आणि 2002 साली सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तिची सिद्धता दिली. सिद्धतेतले शब्द घोषवाक्यापेक्षा फार काटेकोर आहेत. तिथे कन्सिस्टन्सी म्हणजे लिनिअरायझेबिलिटी: लेखन पूर्ण झाल्याचं कळल्यानंतर सुरू झालेल्या कुठल्याही वाचनाला, ते कोणाचंही असो आणि कुठल्याही नोडवर असो, ते लेखन किंवा त्याहून नवं काहीतरी दिसलंच पाहिजे. जणू डेटाची एकच प्रत आहे. व्यवहारांच्या अ‍ॅसिडमधला ‘सी’ वेगळा, त्याचा याच्याशी घोळ घालू नये. आणि अव्हेलेबिलिटी म्हणजे जिवंत असलेल्या प्रत्येक नोडने प्रत्येक विनंतीला खरं उत्तर देणं. "आत्ता जमणार नाही" हे त्यात धरत नाहीत. पार्टिशन म्हणजे नोडांमधलं नेटवर्क तुटणं. ते आपण निवडत नाही, ते घडतं. निवड उरते ती ते घडल्यावर काय करायचं एवढीच: कन्सिस्टन्सी राखली तर सीपी, अव्हेलेबिलिटी राखली तर एपी. ‘तीनपैकी दोन’ ही मांडणी दिशाभूल करते, हे ब्रूअरनी स्वतःच 2012 साली लिहिलं.

मग तक्रार डोळ्यांनी पाहायची होती. त्यासाठी नेटवर्क तोडायची गरजच नव्हती. रेप्लिकेवर बदल लावण्याचं काम थांबवलं की पुरे:

```sql
SELECT pg_wal_replay_pause();
```

प्रायमरीवर एफ-12 ही खुर्ची बुक केली, कमिट झालं. रेप्लिकेवर तीच ओळ शोधली तर शून्य ओळी. `pg_wal_replay_resume()` चालवलं आणि ओळ आली. नेटवर्क पूर्ण वेळ शाबूत होतं. गोंधळ होता तो रेप्लिका मागे पडल्याचा, आणि मोडलेल्या हमीचं नाव होतं ‘रीड युअर राइट्स’, म्हणजे मी लिहिलेलं निदान मला तरी दिसावं. ही हमी लिनिअरायझेबिलिटीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, कारण एफ-12 गेल्याचं बाकीच्यांना दोन सेकंदांनी कळलं तरी माझी तक्रार नाही.

उपायही मग लहान निघाला. कमिटनंतर प्रायमरीवरची `pg_current_wal_lsn()` ही खूण, म्हणजे बदलांची नोंद कुठवर आली ते, घ्यायची आणि वापरकर्त्याच्या सेशनमध्ये ठेवायची. पुढच्या वाचनाआधी रेप्लिकेला विचारायचं:

```sql
SELECT pg_last_wal_replay_lsn() >= '0/5A3F2C8'::pg_lsn;
```

‘हो’ आलं तर तिथूनच वाचायचं, नाहीतर ते एक वाचन प्रायमरीकडे.

यानंतर खरं पार्टिशन. `docker network disconnect` ने दोन कंटेनर वेगळे केले आणि दोन्हीकडे स्वतंत्र टर्मिनलवरून विचारत राहिलो. प्रायमरी नेहमीसारखी बुकिंग घेत होती. रेप्लिका विनातक्रार उत्तरं देत होती, पण जुनी: विकलेली खुर्ची तिच्याकडे मोकळीच. तिच्यावर लिहायला गेलो तर `cannot execute INSERT in a read-only transaction`. इथे मी बराच वेळ थांबलो. वाचन शिळं, म्हणून कॅपच्या अर्थाने कन्सिस्टंट नाही. तुटलेल्या बाजूला लेखन होत नाही, म्हणून कॅपच्या अर्थाने अव्हेलेबलही नाही. आमचं अ‍ॅप सीपी नव्हतं आणि एपीही नव्हतं, आणि तरी त्यात बिघडलेलं काही नव्हतं.

मग `synchronous_standby_names` मध्ये रेप्लिकेचं नाव घालून `synchronous_commit` ला `remote_apply` केलं. आता रेप्लिकेने बदल लावल्याशिवाय कमिट पूर्ण होत नाही. पुन्हा तार तोडली आणि बुकिंग केलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. शेवटी कंट्रोल-सी दाबलं तेव्हा इशारा आला की व्यवहार स्थानिक पातळीवर आधीच कमिट झालाय, रेप्लिकेपर्यंत मात्र कदाचित पोचला नसेल. म्हणजे ग्राहकाला उत्तर मिळालं नाही, पण खुर्ची गेली! अशा वेळी अ‍ॅपने आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न केला तर युनिक बंधन त्याला अडवतं आणि ग्राहकाला ‘खुर्ची दुसऱ्याने घेतली’ असा चुकीचा निरोप जातो. म्हणून बुकिंगसोबत विनंतीचा क्रमांकही साठवायचा आणि नकार आल्यावर आधी तो जुळतो का ते बघायचं.

दुसऱ्या मुलाखतीत प्रश्न तोच आला. या वेळी मी अ‍ॅपला एकच अक्षरजोडी चिकटवली नाही, एकेका कृतीबद्दल बोललो. तिकीट पक्कं करणं फक्त प्रायमरीवर. तिच्यापर्यंत पोचता येत नसेल तर स्पष्ट नकार, कारण एकाच खुर्चीवर दोन माणसं आली तर दारावर भांडण होतं आणि ते कोडने मिटत नाही. खुर्च्यांचा नकाशा मात्र रेप्लिकेवरून, तार तुटलेली असतानाही. तो शिळा असला तर फार तर पक्कं करताना ‘ही खुर्ची गेली’ असं कळेल, आणि ते ग्राहक समजून घेतो. ‘माझी तिकिटं’ ला रीड युअर राइट्स पुरे.

मुलाखतकारांनी कागदावर दुसरी रेप्लिका काढली. "नकाशा एकदा उघडला, एफ-12 विकलेली. रिफ्रेश केला, तर मोकळी. आता?"

पहिली विनंती पुढे असलेल्या रेप्लिकेकडे गेली आणि दुसरी मागे पडलेल्या, म्हणून काळ उलटा फिरल्यासारखा दिसला, मी म्हणालो. इथे हवेत मोनोटोनिक रीड्स. एका सेशनला एकच रेप्लिका बांधून दिली की बहुतेक वेळा भागतं. ती बंद पडून सेशन दुसरीकडे गेलं की तेच पुन्हा होऊ शकतं. म्हणून वाचताना शेवटची पाहिलेली खूणही सेशनमध्ये ठेवायची, लेखनाच्या खुणेशेजारी, आणि जी रेप्लिका त्या खुणेच्या मागे असेल तिला वगळायचं.

"दोन्ही मागे असतील तर?"

"नकाशासाठी जुनाच दाखवेन आणि तो किती वाजताचा आहे ते वर लिहीन. प्रायमरीवर ते ओझं टाकणार नाही, कारण विक्री उघडते त्याच मिनिटाला दोन्ही रेप्लिका मागे पडतात."