मुद्दल संपतं कधी?

बुधवार, रात्री साडेअकरा

आज सातवीला सरळव्याज घेत होतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने हात वर केला. "सर, माणूस दर महिन्याला नुसतं व्याजच देत राहिला, तर मुद्दल संपतं कधी?"

"उद्या बघू," म्हणालो. तास संपायला चांगली दहा मिनिटं होती.

त्याने का विचारलं असेल, हे मला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. लाज वाटली. कर्ज फिटून महिना होऊन गेला, तरी वाटते.

कर्ज काढल्याची नाही वाटत. ते दिवसच तसे होते. लाज वाटते ती वीस महिन्यांची. 60 हजार घेतले होते, शेकडा 5 ने, म्हणजे महिन्याला 3 हजार व्याज. बोलताना 'शेकडा पाच' किती किरकोळ वाटतं! वर्षाचे 60 टक्के होतात, हे पोरांना मी डोळे मिटून सांगितलं असतं. तरी वीस महिने 3-3 हजार मोजत राहिलो. तेवढ्यात 60 हजार व्याजातच गेले आणि डोक्यावर अजूनही 60 हजारच. गणिताच्या मास्तराच्या!

का झालं असं? आज वाटतं, एकही महिना चुकवला नाही म्हणूनच. एक तारखेला पैसे पोचले की फेडल्याचं समाधान मिळायचं. चुकवलं असतं, तर कदाचित लवकर हिशेब मांडला असता.

मांडला तेव्हाही फसलोच. पहिल्यांदा 2 हजार जास्त दिले, तर सावकार म्हणाला, "राहू द्या, पुढच्या महिन्याच्या व्याजात धरतो." मुद्दल जागच्या जागी. बरीच घासाघीस केल्यावर तयार झाला, पण मुद्दल 10 हजारांच्या रकमेनेच घेईन म्हणाला. प्रत्येक वेळी माझ्या वहीत तारीख, रक्कम आणि 'मुद्दलापोटी' हा शब्द लिहून त्याची सही घेतली. त्या शब्दावर त्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा कळलं की सगळी गोम तिथेच आहे.

मग ठरवलं, महिन्याला 5 हजार बाजूला, काही झालं तरी. स्कूटर झाकून ठेवली, शाळेत पायी जाऊ लागलो. बाकीची काटकसर लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे. 3 हजार व्याज, 2 हजार अक्काकडे. माझ्याकडे राहिले नसते. पाच महिन्यांनी 10 हजार झाले, ते दिले. व्याज 2,500 वर आलं. खरी परीक्षा इथे होती. सुटलेले 500 खिशात घालावेसे वाटतात, त्या महिन्यात तर फारच. घातले नाहीत. अक्काकडे आता 2,500 जाऊ लागले आणि पुढचे 10 हजार चारच महिन्यांत जमले. नंतर पुन्हा चार, मग तीन, मग दोन. सुरुवातीला मुंगीच्या पावलाने चाललं होतं, शेवटी धावत सुटलं.

शेवटच्या 10 हजारांना दोन महिन्यांनी 500 कमी पडले. थांबलो असतो तर आणखी एक महिन्याचं व्याज. अक्काने काही न बोलता 500 ची नोट वर ठेवली. मुद्दल फेडायला सगळं मिळून आणखी वीस महिने. त्यांत व्याजापोटी 40,500 गेले.

परवा उगाच हिशेब केला. सावकाराची ती 10 हजारांची अट नसती, तर एकोणीस महिन्यांत सुटलो असतो. म्हणजे ज्या अटीवरून मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, तिने जेमतेम महिनाभर लांबवलं. आधीचे वीस महिने मात्र माझे मीच घालवले.

कोरा चेक आणि कागद परत मागितला, तेव्हा त्याला तो "सापडत नव्हता". मी बसून राहिलो. तासाभराने सापडला. निघताना म्हणाला, "लागले तर या, मास्तर. तुमच्यासारखा वेळेवर देणारा मिळत नाही." आयुष्यात मिळालेलं सर्वांत वाईट प्रशस्तिपत्र.

असो. स्कूटर आता चालू होत नाही आणि मला तिची फारशी आठवणही येत नाही. उद्या फळ्यावर दोन रकाने आखीन, एकात व्याज, दुसऱ्यात मुद्दल. आकडे 60 हजारांचेच घेईन. पोरांना काय कळणार कुणाचे ते. त्या एकाला कळलं तर कळू दे.

या एक तारखेला पगार झाला आणि सवयीने 5 हजार मोजून पाकिटात घातले. द्यायचे कुणाला, हे दारापर्यंत गेल्यावर आठवलं. तसाच अक्काकडे गेलो. तिने नोटा मोजल्या, एक 500 ची काढून कनवटीला लावली आणि म्हणाली, "हे माझे फिटले."