फोटोतलं प्लास्टर

"दादा, पोरीच्या हाताला प्लास्टर आहे. फोटोतून काढून मिळेल ना? कुणाला कळायला नको."

मिळेल. पण आधी मी विचारतो की फोटो कशासाठी हवाय आणि पोरीला विचारलंय का. लोकांना वाटतं, हा पैसे वाढवायला बघतोय.

दोन वर्षांपूर्वी एक नवरी लग्नाच्या आठ दिवस आधी स्कूटीवरून पडली. डाव्या मनगटाला प्लास्टर, कोपराच्या खालपासून बोटांच्या मुळापर्यंत, आणि हात गळ्यातल्या झोळीत. काढायला तिनंच सांगितलं होतं, त्यामुळे माझी ना नव्हती. सहा आठवड्यांत जाणारी गोष्ट आहे, अल्बम मात्र घरात चाळीस वर्षं राहतो.

मात्र प्लास्टर म्हणजे गालावरचा मुरूम नव्हे. मुरूम काढला की शेजारची कातडी तिथे ओढून घेता येते. प्लास्टरखालचा हात कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नसतो, तो दुसरीकडून आणावा लागतो. उजवा हात उलटा करून डावीकडे लावला, तर उजेड चुकीच्या बाजूनं पडतो आणि मेंदीची नक्षी दोन्ही हातांवर आरशातल्यासारखी एक होते. सुदैवानं साखरपुड्याचे फोटो मीच काढले होते. त्यातला डावा हात घेतला, रंग जुळवला, कापसाच्या थरामुळे जाड झालेली बाहेरची कड आत घेतली आणि साडीवर पडलेली प्लास्टरची सावली बारीक केली. सावली विसरली की सडपातळ हाताखाली जाडजूड सावली राहते, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

झोळीपाशी मात्र मी अडकलो. पट्टा पुसला, तरी पट्ट्यानं दाबलेला शालू दाबलेलाच राहिला. डावा खांदा वर चढलेला, कोपर काटकोनात, हात पोटाशी अधांतरी. झोळी नसताना असं कुणी उभं राहत नाही. काढलेली झोळी ओळखायची असेल तर हाताकडे नको, खांद्याकडे बघा. शेवटी सहाच फोटोंतलं प्लास्टर काढलं, जिथे हात मांडीवर टेकलेला होता. उरलेले होते तसे ठेवले. घरच्यांना डाव्या हातात हिरवा चुडाही हवा होता. तो मी भरला नाही. लग्नात त्या हातात चुडा नव्हताच, आणि सप्तपदीच्या फोटोत तो दिसला असता तर तिची मावशीच पहिली हसली असती.

हा झाला घरचा अल्बम. तोच फोटो अपघाताच्या दाव्याला लावायचा असेल किंवा बातमीत छापायचा असेल, तर मी त्यातलं काहीच हलवत नाही. २०१० साली स्टेपान रुदिक या छायाचित्रकाराचं वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या छायाचित्रांच्या स्पर्धेतलं बक्षीस काढून घेतलं गेलं. हाताला पट्टी बांधतानाचा फोटो होता. त्यानं तो भरपूर कातरला होता, कृष्णधवल केला होता, ते चाललं. मागे दिसणारा कुणाच्या तरी पावलाचा छोटा तुकडा त्यानं पुसला होता, ते चाललं नाही. पट्टीला तर त्यानं हातही लावला नव्हता!

माझं खरं भांडण होतं ते स्थळासाठीच्या फोटोंवरून. एक गृहस्थ मुलीचा फोटो घेऊन आले. कानामागे श्रवणयंत्र, त्यातून कानात गेलेली पारदर्शक नळी. "एवढं काढा." काम पाच मिनिटांचं. नळी बारीक, मागे केस, शेजारून केस ओढले की झालं. प्लास्टर काढायला मला रात्र लागली होती, पण ते काढल्यानं कुणाची फसवणूक झाली नव्हती. हे पाच मिनिटांत झालं असतं, आणि समोरच्या घरानं तो फोटो बघूनच पुढचं पाऊल टाकलं असतं. प्लास्टर सुटतं. यंत्र ती रोज सकाळी उठून लावते.

मी म्हटलं, "काका, तिला घेऊन या. तिनं स्वतः यंत्र काढून फोटो काढायला सांगितलं तर काढीन. चष्मा काढून लोक बसतातच की. मी पुसणार नाही."

"तुम्हाला काय करायचंय? नंतर सांगणारच आहोत आम्ही."

"मग आत्ताच दिसू दे."

ते चिडून गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. चौथ्या दिवशी मुलगी एकटीच आली. स्टुलावर बसली, केस कानामागे घेतले आणि म्हणाली, "उजव्या बाजूनं काढा. डावीकडच्या मशीनचा रंग उडालाय."