बाई, इतक्यांना वेगवेगळं उत्तर?

"बाई, तुमच्या निवृत्तीच्या पोस्टवर दोनशेच्या वर कमेंटी होत्या. सगळ्यांना वेगळं उत्तर लिहायला तुम्हाला जमलं कसं?"

सगळ्यांना नाहीच लिहिलं. पहिल्या रात्री मीही एकच वाक्य चिकटवत सुटले होते: "आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार, असाच स्नेह राहू द्या." पंधराएक झाल्यावर वर सरकून पाहिलं, तर एकाखाली एक तेच वाक्य, शाळेच्या परिपत्रकासारखं. त्यात ज्याला मी पाचवीत कान धरून उभं केलं होतं, त्यालाही "आपण"! ती सगळी उत्तरं मी पुसली.

मग नुसतं "अभिनंदन" किंवा हार-फुलं टाकणाऱ्यांना बदाम दिला आणि त्या सगळ्यांसाठी मिळून एक वेगळी कमेंट लिहिली. त्यात मुद्दाम कुणाचं नाव घेतलं नाही. दहा नावं घेतली की अकरावा रुसतो. वयाने मोठ्या सहशिक्षकांना फोन केले. उरले साधारण साठ जण, ज्यांनी स्वतःचं असं काही लिहिलं होतं. वेळ लागला तो यांनाच, रोज वीस, तीन संध्याकाळी.

एक उदाहरण सांगते. एकाने लिहिलं होतं, "बाई, तुमच्या मुळे माझं शुद्धलेखन सुधारलं." माझा पहिला मसुदा: "'तुमच्यामुळे' जोडून लिहायचं असतं रे!" हसू आलं, पण पाठवलं नाही. त्याची मुलंही ती पोस्ट वाचत असणार. दुसरा मसुदा: "तुझी प्रगती पाहून आनंद वाटला, धन्यवाद." आता त्याचं नाव झाकून पाहिलं, तर हे कुणालाही चाललं असतं, म्हणून तेही गेलं. शेवटी लिहिलं: "शुद्धलेखनाचं राहू दे, तुझ्या वहीच्या समासात पानोपानी ट्रक असायचे ते मला जास्त आठवतात. वाचून बरं वाटलं." यात "धन्यवाद" हा शब्दच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तू की तुम्ही, यावर मात्र मी बराच वेळ अडले. विद्यार्थी पन्नाशीचा असला तरी "तू"च. "तुम्ही" म्हटलं तर त्याला वाटेल बाई ओळखत नाहीत. पालकांना "तुम्ही". "आपण" कुणालाच नाही.

प्रत्येक उत्तराच्या शेवटी प्रश्न विचारायची चूक मी पहिल्या संध्याकाळी केली. "सध्या कुठे असतोस?" असं वीस जणांना विचारलं, वीसही जणांनी सविस्तर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीचं काम दुप्पट झालं. पुढे प्रश्न फक्त एकाच प्रकारच्या लोकांना विचारला: ज्यांच्या फोटोच्या जागी गुलाब किंवा गणपती होता, आडनाव लग्नानंतर बदललेलं आणि मला काही केल्या चेहरा आठवत नव्हता. आठवल्याचं सोंग लगेच उघडं पडतं. त्यापेक्षा सरळ विचारलं, "दहावीचं वर्ष कोणतं गं?" वर्ष कळलं की मला बाक आठवतो, आणि बाकावरून शेजारीणसुद्धा.