माझा अनुभव : गृहकर्जाचा स्थिर दर की बदलता दर?

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही दोघांनी तयार घरासाठी ४० लाख रुपयांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले. बँकेने दोन पर्याय समोर ठेवले होते. पहिला फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर. तो त्या वेळी ६.७० टक्के होता आणि महिन्याचा हप्ता ३०,२९६ रुपये येत होता. दुसरा फिक्स्ड, म्हणजे स्थिर दर. तो ८.२० टक्के होता आणि हप्ता ३३,९५७ रुपये होता. आम्ही बदलता दर घेतला. त्यानंतरच्या चार वर्षांत व्याजदर आधी झपाट्याने वर गेले, दीर्घकाळ तिथेच थांबले आणि मग खाली आले. त्यामुळे या दोन पर्यायांचा हिशेब अंदाजाने न मांडता प्रत्यक्षात घडलेल्या दरांवर मांडणे मला शक्य झाले. तो हिशेब येथे देत आहे.

निर्णय घेण्यापूर्वी मंजुरीपत्राचा मसुदा मी नीट वाचला आणि त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. पहिली म्हणजे स्थिर दर वीस वर्षांसाठी स्थिर नव्हताच. तो पहिल्या तीन वर्षांपुरता होता आणि त्यानंतर कर्ज आपोआप तेव्हाच्या बदलत्या दरावर जाणार होते. मी अधिकाऱ्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्याकडे येणाऱ्या ठेवी दोन-तीन वर्षांच्या असतात. त्या पैशावर वीस वर्षांचा दर आम्ही कसा बांधून देणार?’’ हे उत्तर मला पटले. ठेवींचे दर वाढले आणि कर्जाचा दर मात्र बांधलेला राहिला, तर तोटा बँकेचा. म्हणून बँक एक तर स्थिर दराचा काळ कमी ठेवते किंवा त्या जोखमीची किंमत दरातच मिळवते. आमच्या बाबतीत तिने दोन्ही केले होते. दीड टक्क्याचा फरक ही त्या जोखमीची किंमत होती. शिवाय त्या तीन वर्षांत मुदतपूर्व रक्कम भरल्यास दोन टक्के शुल्क लागणार होते. व्यक्तीच्या नावावरील बदलत्या दराच्या गृहकर्जाला असे शुल्क लावता येत नाही.

दुसरी गोष्ट बदलत्या दराच्या घडणीची होती. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराचे नवे गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या मानदंडाशी जोडावे लागते आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला आहे. आमच्या ६.७० टक्क्यांपैकी ४ टक्के रेपो दर होता आणि २.७० टक्के हा बँकेने वर चढवलेला स्प्रेड होता. रेपो दर बदलला की आमचा दर पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेला तेवढाच बदलणार होता, वर जातानाही आणि खाली येतानाही. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही, त्या स्वतःच्या मूळ दराशी कर्ज जोडतात. अशा कर्जात दरवाढ लवकर पोहोचते आणि दरकपात रेंगाळते, अशी तक्रार अनेकांकडून ऐकली होती. म्हणून रेपोशी जोडलेले कर्जच घ्यायचे, हे आम्ही आधी ठरवले होते.

रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता तो ४.४० टक्के केला आणि ८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर पोहोचला. आमचा दर जुलै २०२२ मध्ये ७.६०, ऑक्टोबरमध्ये ८.६०, जानेवारी २०२३ मध्ये ८.९५ आणि एप्रिलमध्ये ९.२० टक्के झाला.

या काळातली सर्वांत मोठी जोखीम हप्ता वाढण्याची नव्हती, तर हप्ता न वाढण्याची होती. जुलैमध्ये बँकेचा संदेश आला, त्यात दर वाढल्याचे आणि हप्ता तोच राहणार असल्याचे लिहिले होते. वाचून कोणालाही हायसे वाटावे असाच तो मजकूर होता. पण मी बँकेच्या ॲपवर परतफेडीचे वेळापत्रक उघडले, तेव्हा उरलेले २३४ हप्ते आता २७७ झालेले दिसले. ऑक्टोबरच्या दराने हीच संख्या ३७४ झाली, म्हणजे उरलेली मुदत एकतीस वर्षांवर गेली. अर्धा टक्का, एक टक्का दर वाढल्याने मुदत इतकी कशी वाढते, हे हप्त्याची फोड पाहिली की कळते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. आमच्या पहिल्या हप्त्यात २२,३३३ रुपये व्याज होते आणि फक्त ७,९६३ रुपये मुद्दल. दर ८.६० टक्के झाल्यावर त्याच हप्त्यात व्याज २८,२०५ रुपये झाले आणि मुद्दलासाठी २,१०० रुपयांहून थोडे कमीच उरले. मी पुढचाही हिशेब करून ठेवला होता. हप्ता तसाच ठेवला असता, तर एप्रिल २०२३ मध्ये ९.२० टक्के दराने ३०,२९६ रुपयांपैकी ३०,१०२ रुपये व्याजात गेले असते आणि मुद्दल महिन्याला १९४ रुपयांनी कमी झाले असते. हे कर्ज फेडणे नव्हे, घराचे भाडे भरणे झाले असते. बँका वयाच्या आणि कमाल मुदतीच्या मर्यादेपर्यंतच मुदत वाढवतात, त्यामुळे कधीतरी हप्ता वाढलाच असता. पण तोपर्यंतचे महिने वाया गेले असते.

म्हणून ऑक्टोबरमध्येच मी शाखेत लेखी अर्ज दिला की, मुदत मूळच्या तारखेलाच संपेल असा हप्ता आकारावा. नवा हप्ता ३४,९१३ रुपये आला आणि दोन तिमाह्यांत तो ३६,३९३ रुपयांवर स्थिरावला. महिन्याला सहा हजार रुपयांहून अधिक वाढ सोसणे सोपे नव्हते. कर्ज घेताना हप्त्यात वीस टक्के वाढ होऊ शकते असे गृहीत धरून आम्ही बँकेने देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमी कर्ज घेतले होते, म्हणून ते जमले. ज्यांच्या मिळकतीत एवढी जागा नाही, त्यांच्यासाठी स्थिर दराची जादा किंमत मोजणे मला चुकीचे वाटत नाही. ते पैसे नफ्यासाठी नसून हप्ता न चुकण्याच्या खात्रीसाठी दिलेले असतात.

आता नफातोट्याकडे येते. स्थिर दराची तीन वर्षे डिसेंबर २०२४ मध्ये संपली असती. त्या ३६ महिन्यांतला आमच्या बदलत्या दराचा सरासरी आकडा सुमारे ८.५८ टक्के येतो, म्हणजे स्थिर दरापेक्षा ०.३८ टक्के जास्त. रुपयांत हा फरक ४२ ते ४३ हजारांचा आहे. एका वर्षाच्या आत रेपो दर अडीच टक्के वाढूनही स्थिर दरवाल्याचा फायदा एवढाच का, याचे उत्तर सुरुवातीच्या महिन्यांत आहे. पहिल्या सहा महिन्यांत तो आमच्यापेक्षा दीड टक्का जास्त भरत होता आणि त्यातच सुमारे ३० हजार रुपयांनी मागे पडला होता. हा खड्डा भरून निघाल्यावरच त्याचा खरा फायदा सुरू झाला. उलट ती तीन वर्षे रेपो दर जागच्या जागी राहिला असता, तर स्थिर दरवाल्याचे जवळपास पावणेदोन लाख रुपये जास्त गेले असते. कर्ज घेताना यांपैकी काय होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण बाजी कशी लावली आहे ते दिसत होते. दर वाढले तरी स्थिर दराचा लाभ थोडा आणि न वाढल्यास तोटा चौपट.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे कर्जदाराला निवडता यावे, त्याला स्थिर दरावर जाण्याचा पर्याय मिळावा आणि दर तिमाहीला मुद्दल, व्याज व उरलेल्या हप्त्यांचे विवरण मिळावे, असे त्यात होते. (स्थिर दराचा पर्याय देणे १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेच्या इच्छेवर सोडले आहे.) त्यानुसार २०२४ च्या सुरुवातीला आम्हालाही पत्र आले. देऊ केलेला स्थिर दर १०.४० टक्के होता आणि शिवाय रूपांतर शुल्क होते. वर्षभराच्या वाढीने धास्तावलेल्या कर्जदाराला असे पत्र आकर्षक वाटते, पण दर चढून गेल्यानंतर विकला जाणारा स्थिर दर त्या चढलेल्या पातळीवरच बांधलेला असतो. तो परवडण्यासाठी रेपो दर आणखी १.२० टक्क्यांहून अधिक आणि तोही लवकर वाढायला हवा होता. तो तर फेब्रुवारी २०२३ पासून हललाच नव्हता. आम्ही नकार कळवला.

७ फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. आमचा दर जानेवारी २०२६ च्या रीसेटला ७.९५ टक्के झाला. या वेळी मी हप्ता कमी करून घेतला नाही. ३६,३९३ रुपयांची सवय झाली होती आणि तोच हप्ता चालू ठेवल्याने उरलेले १९२ हप्ते १६४ वर आले. वाढत्या दरात जी यंत्रणा मुदत लांबवत होती, तीच आता ती २८ महिन्यांनी आखडत होती.

मात्र कपातीनंतर एक गोष्ट खटकली. त्याच बँकेच्या जाहिरातीत नव्या कर्जदारांचा दर आमच्यापेक्षा कमी होता. रेपो दर दोघांनाही सारखाच होता, फरक स्प्रेडचा होता. नव्या ग्राहकासाठी बँका स्प्रेड कमी करतात आणि जुन्याचा करारात लिहिलेला तसाच राहतो, त्यामुळे रेपो दरातली कपात जुन्या कर्जदाराला मिळाली, तरी स्प्रेडमधली कपात त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्यासाठी शिल्लक मुद्दलाचा दाखला आणि मूळ कागदपत्रांची यादी मी मागितली, तेव्हा शाखेने स्वतःहून स्प्रेड २.७० वरून २.२० टक्के करण्याची तयारी दाखवली. त्यासाठी करासह ५,९०० रुपये शुल्क भरावे लागले. ३६ लाखांच्या शिल्लक मुद्दलावर अर्ध्या टक्क्याने वर्षाला सुमारे १८,००० रुपये व्याज वाचते, म्हणजे शुल्क चार महिन्यांत वसूल होते. दर ७.४५ टक्के झाला आणि त्याच हप्त्यात आता १५६ हप्ते उरले आहेत.